गिफ्ट कार्डावर १,२०० परत यायला हवे होते, ९०० च आले. आणि मुदत संपायला १४ दिवस

मृणाल_नाशिक | १४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. हिशेब चांगला येणाऱ्या कोणीतरी जरा बघा, माझं डोकं चालेनासं झालंय.

गेल्या भाऊबीजेला भावाने मला कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाचं (गावोगाव शाखा आहेत, नाव लिहीत नाही) ३,००० रुपयांचं गिफ्ट कार्ड दिलं. वर्षभर ते कपाटात पडून होतं. यंदा नवरात्रात काढलं. साडी १,८००, मला कुर्ता १,२०० आणि लेकीला घागरा १,०००. एकूण ४,०००. "४,००० च्या खरेदीवर ५०० सूट" अशी पाटी होती, म्हणून बिल ३,५०० झालं. कार्डाचे ३,००० संपवले, वरचे ५०० यूपीआयने दिले.

कुर्ता खांद्यात घट्ट झाला. ४ ऑक्टोबरला परत केला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, पैसे ज्या वाटेने आले त्या वाटेने जातील." आज शिल्लक बघितली तर कार्डावर ९००. कुर्ता १,२०० चा होता. ३०० गेले कुठे?

दुसरं म्हणजे तारीख २८ ऑक्टोबर २०२५ दाखवतंय. कार्ड माझ्या हातात आलं ३ नोव्हेंबरला, आणि हे ९०० तर आत्ता दहा दिवसांपूर्वी जमा झालेत. दोन आठवड्यांत संपतील कसे? भावाने दिलेले पैसे आहेत, वाया गेले तर मला फार लागेल.

---

नितीन_७८ | १४ ऑक्टोबर, रात्री १०.०५

सोपं आहे. कुर्ता परत केल्यावर तुमची खरेदी ४,००० च्या खाली गेली, म्हणून त्यांनी सूट काढून घेतली. पाटीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते पैसे विसरा.

तारखेचं मात्र विसरू नका. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की पैसे शेवटचे भरल्यापासून किमान एक वर्ष मुदत हवी. तुमचे पैसे ४ ऑक्टोबरला भरले गेले, म्हणजे ४ ऑक्टोबर २०२६ पर्यंत कार्ड चालायलाच हवं. जाऊन भांडा.

---

अमृता_ठाणे | १४ ऑक्टोबर, रात्री ११.२०

मृणालताई, भांडायला जाण्याआधी बँकेचं स्टेटमेंट उघडा आणि ४ तारखेनंतर १५० रुपये जमा झालेत का बघा. मी सात वर्षं कार्ड कंपनीत ताळमेळ लावायचं काम केलं. तुमचे आकडे बघून मला तरी पैसे हरवलेत असं वाटत नाही.

नितीनदादा, सूट काढून घेतात हे खरं, पण इथे तसं झालेलं नाही, आणि ते आकड्यावरूनच कळतं. सूट काढून घेतली असती तर साडी आणि घागऱ्याचे पूर्ण २,८०० लागले असते. ताईंनी दिले ३,५००. म्हणजे परत फक्त ७०० मिळाले असते, आणि कार्डावर ७०० पेक्षा जास्त येणं शक्यच नव्हतं. आलेत ९००. तेव्हा त्यांनी सूट तिन्ही वस्तूंवर वाटली आहे.

बिल जवळ असेल तर प्रत्येक ओळीसमोर सूट छापलेली दिसेल. साडीवर २२५, कुर्त्यावर १५०, घागऱ्यावर १२५, मिळून ५००. जीएसटी सूट वजा करून उरलेल्या किमतीवर लागतो. तो प्रत्येक वस्तूवर काढायचा असल्यामुळे बिल करतानाच सूट वाटून टाकतात. म्हणून कुर्ता तुम्हाला १,२०० ला नाही, १,०५० ला पडला होता.

आता हे १,०५० "आले त्या वाटेने" परत जायचे. तुमचे पैसे दोन वाटांनी गेले होते, सातांतले सहा हिस्से कार्डावरून आणि एक हिस्सा यूपीआयने. १,०५० चे तसेच भाग केले की ९०० कार्डावर आणि १५० बँकेत. आकडे चोख बसतात, म्हणून म्हणते की १५० शोधा.

सगळीकडे असंच होतं असं नाही. काही दुकानांची प्रणाली आधी कार्ड भरते, तिथे पूर्ण १,०५० कार्डावर दिसले असते. काही ठिकाणी आधी बँकेचे पैसे देतात, मग ५०० यूपीआयला आणि ५५० कार्डाला. एकच कुर्ता, पण कार्डावरची शिल्लक तीन दुकानांत तीन तऱ्हांची. म्हणून नुसतं कार्डावर बघून कमी आले की बरोबर आले ते ठरवता येत नाही. दोन्ही वाटांची बेरीज करावी लागते.

---

मृणाल_नाशिक | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

अमृता, सापडले! ७ ऑक्टोबरला १५०.०० जमा आहेत. समोर दुकानाचं नावच नाही, कुठल्या तरी पेमेंट कंपनीचं लांबलचक नाव आहे. वीजबिलाचा कॅशबॅक असेल असं समजून मी पुढे गेले होते. बिलही मिळालं, कुर्त्यासमोर "सूट १५०" असं छापलंय. रात्रभर झोप नव्हती, खरंच आभार.

आता तारखेचं सांगा.

---

पेठेतला_दुकानदार | १५ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

सोलापुरात आमचं कापडाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. ताईंचा हिशेब बरोबर लागला. आमच्याकडे कार्ड नाही, क्रेडिट नोट असते, आणि वाद होतो तो उरलेल्या पैशांवर. म्हणून लिहितो.

समजा गिऱ्हाईकाने माल परत केला आणि मी १,४५० ची क्रेडिट नोट दिली. पुढच्या खेपेला त्याने १,११० चा माल घेतला. माझ्या बिलिंगच्या संगणकात क्रेडिट नोटेचा नंबर एकदाच चालतो. एकदा लावला की तो नंबर बंद. उरलेल्या ३४० ची दुसऱ्या नंबराची नवी चिठ्ठी निघते. पुष्कळ लोक जुनीच चिठ्ठी जपून ठेवतात आणि नवी बिलाबरोबर फेकून देतात. मग येऊन म्हणतात, माझे ३४० आहेत, आणि जुना नंबर टाकला की "वापरलेली" असं येतं. नवी चिठ्ठी बिलाला टाचून देत जा असं मी पोरांना सांगून ठेवलंय.

नव्या चिठ्ठीवर तारीख मात्र जुनीच पडते. गिऱ्हाईकाला वाटतं आज चिठ्ठी मिळाली, म्हणजे आजपासून सहा महिने. तसं नाही. माल परत केला त्या दिवसापासून सहा महिने, मग मधे कितीही चिठ्ठ्या बदलोत.

आणि या चिठ्ठ्या छापतात त्या गरम छपाईच्या कागदावर. चार महिन्यांत अक्षर उडतं. घरी गेल्या गेल्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नंबर दिसला तर मी संगणकात शोधून देऊ शकतो, कोरा कागद घेऊन आलात तर मीही अडकतो.

---

निवृत्त_मास्तर | १५ ऑक्टोबर, दुपारी १.१०

माझेही असेच झाले आहे. एका ॲपमध्ये माझ्या नावावर ६४० रुपये दिसत होते. औषधे मागवली तेव्हा त्यातले ४०० वापरले गेले. २४० उरायला हवे होते, पण दुसऱ्या दिवशी ९० च दिसले. मी कोणतेही कार्ड विकत घेतलेले नाही. मृणालताईंसारखे मलाही १५० बँकेत येतील काय?

---

अमृता_ठाणे | १५ ऑक्टोबर, दुपारी २.००

सर, तुमचं प्रकरण निराळं वाटतं. तुम्ही पैसे भरलेले नसतील तर त्या ६४० मध्ये काही रक्कम ॲपने बक्षीस म्हणून दिलेली असणार. ॲप एकच बेरीज दाखवतं, पण आत वेगवेगळे कप्पे असतात आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. तुमचा १५० चा कप्पा त्या रात्री मुदत संपून गेला असावा. शिलकीच्या आकड्यावर बोट ठेवलं की बहुतेक ॲप तारखांची यादी उघडतं, तिथे नक्की कळेल. बक्षिसाचे पैसे बँकेत येत नाहीत, सर. पण ६४० मधले काही एखाद्या रद्द ऑर्डरचे परत आलेले असतील तर ते तुमचेच पैसे आहेत, त्यांच्याबद्दल जरूर विचारा.

मृणालताई, तारखेबद्दल रात्री सविस्तर लिहिते.

---

शमा_फ्रीमाँट | १५ ऑक्टोबर, दुपारी ३.४५

इकडे कॅलिफोर्नियात मला वेगळाच धडा मिळाला. कंपनीने १०० डॉलरचं कार्ड दिलं होतं, कुठेही चालणारं, क्रेडिट कार्डासारखं. हॉटेलात बिल झालं ८४ डॉलर. कार्ड नाकारलं गेलं! १०० मधून ८४ का जाऊ नयेत? नंतर समजलं की हॉटेलात टिप धरून साधारण वीस टक्के जास्त रक्कम आधी अडवून ठेवतात. ८४ वर वीस टक्के म्हणजे १००.८०. ऐंशी सेंट कमी पडले. आता मी अशा कार्डावर हॉटेल आणि पेट्रोल पंप टाळते, किराणा घेते, तिथे नेमकी बिलाचीच रक्कम जाते.

पण एक चांगलं आहे. २०१० पासून इथे देशभर नियम आहे की गिफ्ट कार्डातले पैसे पाच वर्षांच्या आत बाद करता येत नाहीत. आणि कॅलिफोर्नियात दुकानाच्या कार्डावर अगदी थोडी शिल्लक उरली तर ती रोख मागता येते. २०२३ मध्ये मी एका पुस्तकांच्या दुकानात ९ डॉलर ४० सेंट रोख घेतले, तेव्हा मर्यादा दहा डॉलरच्या आतली होती. तिकडे असं काही नाही का?

---

नितीन_७८ | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०

अमृताताई, सूट तिन्ही वस्तूंवर वाटली हे मान्य, माझा अंदाज चुकला. तारखेचं मात्र मी सोडणार नाही. नियमात "शेवटचे पैसे भरल्यापासून" असे शब्द आहेत, मी वाचलेत.

---

अमृता_ठाणे | १५ ऑक्टोबर, रात्री १०.५०

शब्द आहेत, नितीनदादा. पैसे भरल्यापासून किंवा शेवटचे पुन्हा भरल्यापासून एक वर्ष. पण दुसरा भाग पुन्हा पुन्हा पैसे भरता येतात अशा वॉलेटसाठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांत गिफ्ट कार्डाचे नियम वेगळे दिलेत. एक कार्ड जास्तीत जास्त दहा हजारांचं, त्यात पुन्हा पैसे भरायचे नाहीत, रोख काढायची नाही. शमाताई, म्हणून इकडे उरलेल्या चिल्लरीचे रोख पैसे मागता येत नाहीत. परतावा म्हणजे "भरणं" नव्हे, गेलेले पैसे जागेवर येणं, असं मी मानते. माझ्या कामात तरी परताव्याने तारीख पुढे गेलेली मी कधी पाहिली नाही.

वर्ष सुरू होतं ते कार्ड निघालं त्या दिवसापासून, तुमच्या हातात पडलं त्या दिवसापासून नाही. गेल्या वर्षी धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला होती. भावाने बहुधा त्याच दिवशी घेतलं असेल, म्हणून २८ तारीख.

आता खरा प्रश्न. हे कार्ड काढलं कोणी? दुकानाने स्वतः काढलेलं, फक्त त्याच दुकानात चालणारं कार्ड असेल तर वरचे नियम त्याला लागतच नाहीत. तिथे दुकानाच्या अटी, आणि फार तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण पुष्कळदा कार्डावर नाव दुकानाचं असतं आणि कार्ड परवाना घेतलेल्या दुसऱ्याच कंपनीने काढलेलं असतं. कार्डाच्या मागे, नाहीतर ईमेलच्या अगदी तळाशी ते छापलेलं असतं.

दुसरी कंपनी निघाली तर तुमची बाजू भक्कम आहे. कार्डधारकाने मागितली तर मुदत वाढवून देण्याची सोय नियमातच आहे, नवं कार्ड देऊनसुद्धा. तारीख उलटली तरी पैसे लगेच कंपनीचे होत नाहीत. बिगरबँक कंपनीला मुदतीनंतर किमान तीन वर्षं ती शिल्लक स्वतःच्या नफ्यात ओढता येत नाही, आणि धारकाने परत मागितली तर बँक खात्यात द्यावी लागते.

शिवाय मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत त्यांनी सूचना पाठवायची असते. तुम्हाला आली नसेल, कारण नोंदणीत नंबर कार्ड विकत घेणाऱ्याचा असतो. भावाचा फोन बघायला सांगा.

---

मृणाल_नाशिक | १६ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

भावाच्या फोनमध्ये दोन एसएमएस निघाले, २० सप्टेंबरचा आणि १० ऑक्टोबरचा. जाहिरात समजून त्याने उघडलेच नव्हते. खरेदी धनत्रयोदशीचीच आहे. आणि ईमेलच्या तळाशी दुसऱ्या कंपनीचं नाव आहे, दुकानाचं नाही!

तो म्हणतोय, कशाला पत्रापत्री, ९०० चं काहीतरी घेऊन टाक. पण मला आवडलेला टॉप ७९९ चा आहे, मग १०१ उरतात. पुन्हा तेच.

---

अमृता_ठाणे | १६ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

उरवू नका. ९०० पेक्षा थोड्या महाग वस्तूला हात घाला आणि काउंटरवर बिल होण्याआधी सांगा, "आधी कार्डावरचे पूर्ण ९०० घ्या, वरचे मी यूपीआयने देते." दुकानाच्या कार्डावर हे सहज होतं. बँकेने दिलेल्या गिफ्ट कार्डाला मात्र नेमका आकडा सांगावा लागतो. यंत्रात पूर्ण बिलाची रक्कम टाकली आणि शिल्लक त्याहून कमी असली की ते आहे तेवढे घेत नाही, सरळ नाकारतं.

पण आत्ता या कार्डावर कपडे घेऊ नका असं माझं मत आहे. समजा २५ तारखेला घेतलेला टॉप लहान झाला आणि ३० ला परत केला. पैसे आले त्या वाटेने जाणार, म्हणजे मुदत संपलेल्या कार्डावर. ते सोडवायला महिना जातो. घ्यायचंच तर चादर, टॉवेल असं घ्या, जे परत करायची वेळ येणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर आजच मुदतवाढ मागितली असती. भावाच्याच नोंदवलेल्या ईमेलवरून लिहा, कारण त्यांच्या दफ्तरी ओळख त्याची आहे. कार्डाचे शेवटचे चार आकडे, खरेदीची तारीख, शिल्लक ९००, आणि "मुदत संपण्याआधी नूतनीकरण हवे" हे एक वाक्य. पिन लिहू नका, कोणी फोन करून मागितला तरी देऊ नका. तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

---

नितीन_७८ | १६ ऑक्टोबर, सकाळी १०.४०

मुदतवाढ मागा, पण पत्रात परताव्याची तारीखही लिहा. परतावा म्हणजे भरणा नव्हे असं कुठेही स्पष्ट लिहिलेलं मला दिसलेलं नाही. त्यांनीच लेखी सांगू दे.

---

मृणाल_नाशिक | २१ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

दिवाळीच्या गडबडीत आहे, पण सांगितल्याशिवाय राहवेना. भावाने १६ ला ईमेल केला. १८ ला त्यांनी त्याचा फोन नंबर ओटीपीने पडताळला. काल संध्याकाळी ९०० रुपयांचं नवं कार्ड आलं, मुदत १९ ऑक्टोबर २०२६. जुनं बंद केलंय. या वेळी ईमेल मी माझ्याकडेही मागवून घेतलाय आणि फोनमध्ये ऑगस्टची आठवण लावली.

नितीनदादा, परताव्याची तारीख लिहिली होती. त्यावर त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही, नुसतं "विनंती मान्य".

परवा भाऊबीज आहे. भावाला म्हटलं, यंदा रोख दे.

---

कृष्णाकाठ | २१ ऑक्टोबर, रात्री ८.५०

धागा वाचून विचारतो. साताऱ्यात एका ब्रँडच्या शोरूममध्ये बूट परत केले, २,२०० ची क्रेडिट नोट मिळाली. पुण्यात त्याच ब्रँडच्या दुकानात नेली तर म्हणाले, ती साताऱ्याचीच, इथे चालणार नाही. मुदत १५ नोव्हेंबर. अशी नोट कुठल्या नियमात बसते?

---

पेठेतला_दुकानदार | २१ ऑक्टोबर, रात्री ९.३०

साताऱ्याचं शोरूम फ्रँचायझीचं असणार. बिलावर वर ब्रँड आणि खाली मालकाची फर्म, तिचा जीएसटी नंबर वेगळा. बूट त्या फर्मने परत घेतले, पैसे तिच्याकडे आहेत. पुण्यातला दुकानदार तुम्हाला माल देऊन पैसे साताऱ्याहून कसे मागणार? तशी सोय ब्रँडने केली असेल तरच चालते. दोन्ही बिलांवरचे जीएसटी नंबर ताडून बघा. सारखे निघाले तर पुण्यातल्या मॅनेजरला दाखवा.

---

अमृता_ठाणे | २१ ऑक्टोबर, रात्री १०.१०

नंबर सारखे नसले तर १५ तारखेच्या आत साताऱ्याला फोन करून मुदतवाढ लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर दिली तरी चालेल. नोट ब्रँडच्या नावाने छापलेली आणि पैसे फ्रँचायझीकडे, अशा वेळी जबाबदार कोण यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. नोटेवर खाली कोणाची सही-शिक्का आहे ते इथे लिहा, मग बघू.